रात्रभर उभी असलेली गाडी आणि सकाळचे पहिले दहा सेकंद

प्रश्न: निपाणीत एक पेट्रोल गाडी बघितलीय, २०१४ ची. मालक म्हणतो कधीही या, दुपारी पण चालेल. पण लोक सांगतात की सकाळी थंड इंजिन चालू करून बघायचं. त्यात असं काय कळतं? धूर, आवाज, डॅशबोर्डवरचे लाईट, नक्की काय बघू?

दुपारी जाऊ नका. सकाळी लवकर जा, आणि आदल्या रात्री मालकाला फोन करून सांगा की अण्णा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. माझं खानापूर रोडला गॅरेज आहे, बऱ्याच वर्षांपासून, आणि गाडी बघायला गिऱ्हाईकाबरोबर गेलो की मी पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवतो, मग बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या पाईपवर. कोमट लागलं तर गाडी तुमच्या आधी कुणीतरी चालवून ठेवलीय. मग त्या दिवशी पुढचं काही बघण्यात अर्थ नाही, चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी परत या.

कारण असं की रात्रभर सात-आठ तास गाडी उभी राहिली की वरचं ऑईल सगळं खाली चेंबरमध्ये उतरतं, आणि इंजिन थंड असल्यामुळे झिजलेल्या भागांमधली फट सगळ्यात जास्त असते. गरम झालं की भाग फुगतात, ऑईल सगळीकडे पोचतं आणि आवाजही दबतो, धूरही जातो. म्हणजे जे काही दिसायचं ते पहिल्या दहा-पंधरा सेकंदात दिसतं.

गेल्या डिसेंबरमधलं सांगतो. माझ्या मावसभावाला तुमच्यासारखीच पेट्रोल गाडी घ्यायची होती, अठ्ठ्याहत्तर हजार किलोमीटर फिरलेली. पहिल्या दिवशी नऊ वाजता गेलो तर पाईप गरम. दुसऱ्या दिवशी साडेसहाला गेलो, काचेवर दव, हात लावला तर थंडगार. आधी डिपस्टिक काढून बघितली, ऑईल खालच्या खुणेच्या जरा वर आणि काळं, म्हणजे ऑईल बदलायला बराच उशीर झालेला.

मग चावी फक्त ऑनवर. इंजिन चालू नाही करायचं. इथे लाईट लागायलाच पाहिजेत: चेक इंजिन, ऑईल, बॅटरी, एबीएस, एअरबॅग. लोक लाईट नाही लागला की खूश होतात, ते उलट आहे, चेक इंजिन ऑनवर पेटतच नसेल तर कुणीतरी बल्ब काढलाय किंवा वायर तोडलीय असं समजा. चालू केल्यावर ऑईलचा लाईट दोन-तीन सेकंदात गेला पाहिजे. एअरबॅगचा लाईट वेगळ्याच वेळी, स्वतःची तपासणी संपल्यावर जातो, तो बरोब्बर ऑईलच्या लाईटबरोबर गेला तर दोन्ही एकत्र जोडल्याचा संशय घ्या. आमच्यात सगळं व्यवस्थित होतं.

भावाला मी गाडीच्या मागे सायलेन्सरजवळ उभा केला, मी बॉनेट उघडून चेन असते त्या बाजूला कान लावून उभा, आणि मालकाला चावी फिरवायला सांगितली, रेस अजिबात नको म्हणून. चालू झाल्याझाल्या खडखडखड, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज, मी मोजलं, चार-पाच सेकंद, मग एकदम बंद. ही टायमिंग चेन. तिचा ताण ठेवणारा टेन्शनर ऑईलच्या प्रेशरवर चालतो आणि रात्रीत त्यातलं ऑईल उतरलं की प्रेशर येईपर्यंत चेन ढिली राहते. एखादा सेकंद वाजली तर चालतं, पण चार-पाच सेकंद म्हणजे चेन लांबलीय नाहीतर टेन्शनर थकलाय. यापेक्षा हलका टिकटिक आवाज टॅपेटचा असतो, तो बहुतेक वेळा थोड्या वेळाने कमी होतो. पण खालून येणारा जाड ठकठक आवाज, जो रेस केल्यावर वाढतो आणि गरम झाल्यावरही राहतो, तो बेअरिंगचा, ती गाडी सोडून द्या.

त्याच वेळी मागून भाऊ ओरडला, "निळा धूर, निळा धूर!" मी पळत मागे गेलो तोवर विरला होता, आणि त्यानंतर फक्त पांढरी वाफ. आता पांढऱ्या वाफेला घाबरू नका. बेळगावात डिसेंबरात सकाळी इतकी थंडी असते की चांगल्या गाडीतूनही पाच-सात मिनिटं वाफ येते, विरळ असते आणि लगेच हवेत विरते. हीच गाडी गोव्यात उबदार सकाळी बघितली आणि तिथे दाट वाफ येतच राहिली, तर मात्र हेड गॅसकेटमधून कूलंट जळतोय का बघायचं. कूलंट जळत असेल तर धूर दाट असतो, गोडसर वास येतो, गाडी गरम झाली तरी जात नाही, आणि डब्यातला कूलंट कमी होत जातो.

निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, पण कुठून येतंय हे धूर कधी येतो त्यावरून कळतं. व्हॉल्व्हवरची रबरी सील कडक झाली की रात्रभर ऑईल थेंबथेंब खाली झिरपतं आणि सकाळी एक ढग निघून संपतो. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर धूर थांबत नाही, चढावर पिकप घेताना जास्त येतो. पहिलं काम काही हजारांचं, दुसऱ्यात इंजिन उघडावं लागतं. आमचा ढग एकदाच आलेला, म्हणून मी सीलवर संशय घेतला. पण संशयावर पैसे द्यायचे नाहीत ना, म्हणून मालकाच्या परवानगीने प्लग काढून कॉम्प्रेशन मोजलं: चारही सिलिंडरला एकशे साठ ते एकशे सत्तर पीएसआय, म्हणजे जवळजवळ सारखं, रिंगा ठीक. एखादा बराच खाली असता तर मी तिथूनच परत आलो असतो.

आयडलचं पण बघितलं. थंड पेट्रोल इंजिन सुरुवातीला बाराशे-चौदाशे आरपीएमवर असतं आणि हळूहळू सातशे-आठशेवर येतं, ते बरोबर आहे. काटा खालीवर नाचत असेल, किंवा गाडी थरथरून मिसिंग होत असेल आणि चेक इंजिन लुकलुकत असेल, तर तो दोष शोधल्याशिवाय गाडी घ्यायची नाही. आमचा काटा सरळ उतरला.

मग मालकाला समोर बसवून सगळं दाखवलं, चेनचं किट आणि सील दोन्हीचा खर्च मजुरीसकट वीस हजारांच्या आसपास, तेवढे किमतीतून कमी झाले आणि भावाने गाडी घेतली. काम झाल्यावर सकाळचा तो खडखडाट गेला.

एक राहिलं. थंड इंजिनात ऑईल घट्ट असतं म्हणून कमी प्रेशरचा दोष सकाळी लपतो, त्यासाठी नंतर अर्धा तास गाडी चालवून, इंजिन पूर्ण गरम करून आयडलवर ठेवा आणि ऑईलचा लाईट लुकलुकतो का बघा. कूलंटचं झाकण मात्र सकाळीच, थंड असताना उघडून बघून घ्या, गरम झाल्यावर हात लावू नका, पाणी अंगावर उडतं.