जाकोबी मॅट्रिक्सच्या एका ओळीचं गेर्श्गोरिन वर्तुळ १ ला टेकलं, म्हणजे इटरेशन कन्व्हर्ज होणार नाही असं समजायचं का?

नाही. असं समजणाऱ्या एका बाह्य परीक्षकांनी मला तोंडी परीक्षेत पंचवीसपैकी नऊ गुण दिले होते, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

फळ्यावर तीन समीकरणं होती:

```
 2x −  y      = 1
 −x + 2y −  z = 0
    −  y + 2z = 1
```

जाकोबी मॅट्रिक्सचा कर्ण शून्यच, त्यामुळे तिन्ही वर्तुळांचं केंद्र शून्यावर. त्रिज्या अर्धा, एक, अर्धा. सर म्हणाले, "मधलं टेकलं. डायव्हर्ज. पुढे." मी म्हटलं, "सर, आयगेनव्हॅल्यू वर्तुळात कुठेही असेल, काठावरच असते असं थोडंच आहे?" तर म्हणे, उलट बोलू नका.

शून्यापासून सुरू करून फेऱ्या मोजा. पहिल्या फेरीत x, y, z येतात ०.५, ०, ०.५. दुसरीत तिन्ही ०.५, चौथीत तिन्ही ०.७५, सहावीत ०.८७५. खरं उत्तर १, १, १. दर दोन फेऱ्यांना चूक निम्मी होते. डायव्हर्ज म्हणे!

वर्तुळ टेकत असेल तर ते आवळून बघायचं असतं, हे मला त्या दिवशी सुचलं नाही याचीच जास्त चुटपुट आहे. जाकोबी मॅट्रिक्सचा मधला स्तंभ १.५ ने गुणा आणि मधली ओळ १.५ ने भागा. आयगेनव्हॅल्यू तसूभरही हलत नाहीत, त्रिज्या मात्र ०.७५, ०.६७, ०.७५ होतात. म्हणजे स्पेक्ट्रल रेडियस ०.७५ च्या वर जाऊच शकत नाही, विषय संपला. १.५ ऐवजी √२ घेतलं तर तिन्ही त्रिज्या ०.७०७ होतात, आणि खरा स्पेक्ट्रल रेडियस नेमका तेवढाच आहे. गेर्श्गोरिनचा १९३१ चा प्रमेय फक्त "याच्या बाहेर नाही" एवढंच सांगतो. "आत नाही" असं तो कधीच म्हणत नाही, आणि परीक्षकांना हा फरक कळायला हवा.

तुमचं मॅट्रिक्स दिलेलं नाही, म्हणून एक सांगून ठेवतो. इथे आपण वाचलो ते कडेच्या दोन ओळींची प्रत्येकी बेरीज १ पेक्षा कमी होती आणि सगळी अज्ञातं एकमेकांना साखळीने जोडलेली होती म्हणून. तीच साखळी गोल करून टोकं जोडली, की प्रत्येक ओळीची बेरीज १, आयगेनव्हॅल्यूही १, आणि मग कितीही आवळा, उपयोग नाही.

आणि हो, कन्व्हर्ज होणं वेगळं, वेळेत होणं वेगळं. हीच साखळी शंभर अज्ञातांची केली तर स्पेक्ट्रल रेडियस cos(π/101), म्हणजे सुमारे ०.९९९५. दशांशाचा एकेक अंक मिळवायला साधारण ४,७६० फेऱ्या लागतात. सर असं काही म्हणाले असते तर मी नऊ गुण मुकाट्याने घेतले असते.