दुकानातला बिलिंगचा कॉम्प्युटर रोज दुपारी हँग होतो. फॉरमॅट मारावा का?

नका मारू. आधी कॅबिनेट उघडा.

मी बार्शीत रिपेअरिंग करतो. मे महिन्यात एका किराणावाल्या शेठनी बोलावलं.

"दोनदा फॉरमॅट मारून झाला रे. सकाळी पळतो, दोन वाजले की मान टाकतो. व्हायरस काय घड्याळ बघून येतो?"

"माऊस हलतो का शेठ?"

"हलतो की. पण बारकोड मारला की आयटम यायला पंधरा सेकंद. गिऱ्हाईक नुसतं माझ्या तोंडाकडे बघतंय."

मी Ctrl+Shift+Esc दाबून Performance मधलं CPU उघडलं. प्रोसेसर 3.60 GHz चा, Speed दाखवत होता 0.79 GHz.

"शेठ, हा तापलाय. जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो."

"मग फॉरमॅटवाल्याकडे दिवसभर बरा कसा चालला?"

"तिथं तो उघड्या टेबलावर, पंख्याखाली होता. इथं कुठं ठेवलाय?"

काउंटरखालच्या लाकडी खणात! उंदीर शिरतात म्हणून दार घट्ट लावलेलं, आणि दुपारचं ऊन थेट काउंटरवर.

उघडला तर प्रोसेसरवरचा पंखा मस्त फिरतोय, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण त्याखालच्या हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत पीठ आणि उदबत्तीची चिकट काजळी यांची गोधडी जमलेली. वारा जाणार कुठून? वर हीटसिंकच्या चार पिनांपैकी एक निसटलेली, त्यामुळे तो एका बाजूनं उचललेला. प्रोसेसर आणि हीटसिंकमध्ये उष्णता पोचवणारी पेस्ट वाळून खडू झालेली.

ब्रशनं पाती साफ केली. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा, नाहीतर गरागरा फिरून खराब होतो. जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. समोरासमोरच्या पिना 'टक' आवाज येईपर्यंत दाबल्या. खणाचं दार काढून जाळी ठोकायला लावली. दुसऱ्या दिवशी अडीचला जाऊन बघितलं, Speed 3.6 वरच.

"झाडलोटीचे तीनशे?" शेठ म्हणाले.

हेच! मी ज्यांच्याकडे काम शिकलो ते मालकही म्हणायचे, झाडलोटीचे पैसे कोण देतं, फॉरमॅट सांग आणि पाचशे घे. यावरून आमचं वाजलं आणि मी बाहेर पडलो. कारण न शोधता फॉरमॅट मारणारा टेक्निशियन नव्हे, हे मी आजही त्यांच्या तोंडावर सांगेन. तुमच्याकडं येणारा स्क्रू ड्रायव्हर न काढताच फॉरमॅट म्हणाला तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता एक राहिलंच. हँग असताना Speed ठीक असेल आणि Disk 100% वर अडकली असेल, तर उष्णतेचा संबंध नाही. त्या वेळेला अँटिव्हायरसचं स्कॅन किंवा बॅकअप लागतोय का बघा, नाहीतर हार्डडिस्क जायला आलीय. तसं असेल तर बाकी सगळं सोडून आधी बिलिंगचा डेटा पेनड्राइव्हवर घ्या.