रिपोर्टमध्ये नाही, म्हणजे खडा नव्हता का?

*मॅडम, मी नागपूरला मेडिकल इमेजिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. धंतोलीत एका ठिकाणी मुतखड्याच्या जुन्या पेशंटची माहिती गोळा करायचं सहा महिन्यांचं काम मिळतंय. बहुतेकांच्या सीटीच्या इमेज उरलेल्या नाहीत, फक्त रिपोर्टचे कागद आहेत. त्यावरून फॉर्म भरायचा. जे लिहिलेलं नसेल तिथे ‘नाही’ टाका म्हणतात. हे काम घेऊ, की सरळ सीटी टेक्निशियन म्हणून लागू?*

काम घे, पण ‘नाही टाका’ ही अट मान्य करू नकोस.

समजा तुझ्यासमोर रिपोर्ट आला: डाव्या मूत्रवाहिनीच्या खालच्या भागात 5 × 4 मिमीचा खडा, डावी किडनी थोडी फुगलेली. बाजू कोणती, खडा कुठे अडकला, वर लघवी तुंबली होती का, एवढं या दोन ओळींतून पक्कं मिळतं. यासाठी इमेज शोधत बसायची गरज नाही.

आता उजवी किडनी. तिच्याबद्दल अक्षर नाही. पेशंट कळवळत आलेला, डॉक्टरांना हवा होता अडकलेला खडा. दुसरीकडचा 2 मिमीचा कण दिसूनही लिहिला नसेल. नसेलही तो मुळात. कागदाला या दोन्हींतला फरक सांगता येत नाही. ‘उजव्या किडनीत खडा दिसत नाही’ असं वाक्य असतं तर गोष्ट वेगळी होती, कारण मग कोणीतरी तिकडे बघितल्याचा तो पुरावा असता. म्हणून रकान्यात तीन पर्याय हवेत: आहे, नाही, उल्लेख नाही. शेवटच्याला ‘नाही’त ढकललंस, तर नंतर कोणालाच ते वेगळं काढता येणार नाही.

यापेक्षा अवघड भानगड त्या 5 × 4 ची आहे. दोन मापं दिली, पण खड्याला तीन असतात. ही दोन आडव्या कापावर घेतली असतील, तर उंची राहिलीच. मूत्रवाहिनीतला खडा नळीच्या दिशेने लांबट असू शकतो, म्हणजे त्याचं सगळ्यात मोठं माप नेमकं कागदावर नाही. काप 5 मिमी जाडीचे, एकाला एक लागून असतील आणि खडा सलग तीन कापांत दिसला असेल, तर मधला काप त्याने पूर्ण व्यापलेला असणार. म्हणजे उंची 5 च्या वर. त्यात विंडोचा, म्हणजे इमेज कोणत्या उजेड-कॉन्ट्रास्टवर बघितली याचा प्रश्न: सॉफ्ट टिश्यू विंडोवर तोच खडा बोन विंडोपेक्षा मोठा दिसतो. तुमच्या फॉर्ममध्ये बहुधा ‘5 मिमीपर्यंत’ आणि ‘त्याहून मोठा’ असे गट असतील, कारण लहान खडे बऱ्याचदा आपोआप पडतात. म्हणजे हा पेशंट बरोबर उंबरठ्यावर उभा आहे. रिपोर्टमध्ये 12 मिमी असतं, तर एखाद्या मिलिमीटरने गट बदलला नसता. शंका सगळ्या आकड्यांवर सारखी नसते. रेषेजवळच्यांवर खूण कर.

ही शंका केवढी, ते मोजता येतं. ज्यांच्या इमेज अजून पॅक्सवर, म्हणजे इमेज साठवायच्या सिस्टीमवर आहेत असे 30 पेशंट निवड. आधी फक्त रिपोर्टवरून फॉर्म भरून बाजूला ठेव. मग तुझे आकडे न दाखवता रेडिओलॉजिस्टकडून त्याच इमेजवरून दुसरा फॉर्म भरून घे, आणि एकेक रकाना जुळवून बघ. बाजू बहुधा सगळीकडे जुळेल. ‘उल्लेख नाही’ असलेल्यांपैकी किती जणांत खरंच खडा निघाला, तो आकडा तुझा. समजा तीसही जण ‘उल्लेख नाही’चेच होते आणि एकातही खडा निघाला नाही, तरी ‘चूक शून्य’ लिहू नकोस. ढोबळ हिशेब असा की 3 ला 30 ने भाग: शंभरात 10 पर्यंत चूक असूनही तिसांत एकही सापडली नाही, असं होऊ शकतं.

आणखी एक खोच आहे. इमेज शिल्लक आहेत त्या बहुधा अलीकडच्या, नव्या मशीनवरच्या, पातळ कापांच्या. जुन्या रिपोर्टची अवस्था याहून वाईट असू शकते, तेव्हा हा अंदाज त्यांना जसाच्या तसा लावू नको. त्यांत कापाची जाडी लिहिलेली असेल तर तिचा वेगळा रकाना ठेव.

(कागदाची बाजूही ऐकून घे. ‘तीन दिवसांपासून दुखतंय, मागच्या वेळी खडा वर होता’ हे रिपोर्टमध्ये असतं. नुसती इमेज हातात आली तर तिच्यावरून ते कळत नाही.)

टेक्निशियनची नोकरी सहा महिन्यांनीही मिळेल. मे महिन्यात तर नागपुरात मुतखड्याच्या पेशंटची कमी नसते. हे काम घेतलंस तर पुढे क्लिनिकल रिसर्चमध्ये डेटा बघणाऱ्यांच्या जागांसाठी दाखवायला काहीतरी राहील, पण ती 30 जणांची पडताळणी केलीस तरच. नुसते फॉर्म भरल्याचा अनुभव कोणी फारसा विचारत नाही.

म्हणून होकार देण्याआधी त्यांना दोनच गोष्टी विचार: ‘उल्लेख नाही’ हा पर्याय घालता येईल का, आणि रेडिओलॉजिस्टचे दोन-तीन तास मिळतील का. दोन्हींना नकार आला, तर सीटीवर लाग. तिथे मुतखड्याच्या प्रत्येक स्कॅनचे पातळ काप आणि उभे व्ह्यू काढून सेव्ह करायची सवय लाव.