ओल दिसते, तरी पीक का सुकतं?

प्रश्न: काळ्या रानात हाताला ओल लागते तरी हरभरा माना टाकतोय. शेजारच्या पोयट्यात तेवढीच ओल, तिथं पीक ठीक. असं का?

तुमच्या रानातली ओल चिकणमातीच्या बारीक कणांनी इतकी घट्ट धरली आहे की मुळांना ती ओढता येत नाही. वाफसा आल्यावर भारी काळ्या जमिनीत आकारमानाच्या साधारण ४० टक्के पाणी असतं, पण २५ टक्क्यांच्या आसपासच पीक कायमचं कोमेजतं. पोयट्यात हेच आकडे अंदाजे २७ आणि १२. म्हणजे दोन्हीकडे २० टक्के ओल असेल, तर पोयट्यात मीटरभर खोलीत अजून ८० मिमी पाणी पिकाच्या कामाचं आहे, तुमच्याकडे शून्य. म्हणून नुसती मूठ वळून ठरवू नका, काळी माती कोमेजण्याच्या पातळीलाही ओलसर लागू शकते. पाणी दुपारी पान मलूल दिसायच्या आधीच द्यायला हवं. मातीची घडणही बघा: नांगराच्या तळाशी कठीण थर असेल आणि मुळं ३० सेंमीवरच अडत असतील, तर भरल्या वाफशातही हाताशी जेमतेम ४५ मिमी उरतं. आकडे मात्र ढोबळ आहेत. तुमच्या रानाचे नेमके हवे असतील तर प्रयोगशाळेत वाफशाची ओल एक तृतीयांश बार दाबाला आणि कोमेजण्याची १५ बार दाबाला मोजून घ्या.