अरुंद घाटात आधी कोणी थांबायचं? (शिकाऊ लायसन्सची परीक्षा)

प्रश्न: घाटात रस्ता अरुंद आहे. मी कार घेऊन उतरतोय, समोरून ट्रक चढतोय. थांबायचं कोणी? परीक्षेत नेमकं काय निवडायचं?

उत्तर: थांबायचं उतरणाऱ्याने, म्हणजे तुम्ही, 'चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे' हाच पर्याय निवडा. समजा, भोरहून वरंध घाट उतरत महाडकडे येताय आणि वळणावर दोन्ही गाड्या एका वेळी मावत नाहीत. अशा वेळी रुंद जागा पाहून कडेला थांबा आणि ट्रकला वर जाऊ द्या. भरलेला ट्रक चढावर एकदा थांबला की पुन्हा उचलताना मागे घसरण्याची भीती असते. पावसात ओल्या रस्त्यावर तर चाकं जागीच फिरतात. वाहन चालवण्याच्या केंद्रीय नियमांतही हेच आहे. 'मोठ्या वाहनाला प्राधान्य' किंवा 'आधी हेडलाइट दाखवेल त्याला' असे पर्याय दिसले तर फसू नका. इथे ट्रकला वाट मिळते ती तो चढतोय म्हणून. तुम्ही कार घेऊन चढत असाल आणि ट्रक उतरत असेल, तर थांबणार ट्रक. प्रश्नात हेच उलटं करून विचारलं असेल, म्हणून 'चढताना' की 'उतरताना' हा शब्द आधी शोधा.

फक्त एक लक्षात घ्या: हा नियम दोन गाड्या सहज जाऊ शकत नाहीत अशा चढउताराच्या रस्त्यापुरता आहे. रस्ता पुरेसा रुंद असेल तर दोघांनी आपापल्या डाव्या बाजूने जायचं. आणि प्रत्यक्षात तुम्ही चढत असाल, पण मोकळी जागा तुमच्याच शेजारी असेल, उतरणाऱ्याकडे नसेल, तर हक्क धरून पुढे घुसू नका.