सासूबाईंना कळवायचे आहे, पण कसे?

“गणपतीत सासरी जायचा बेत ठरला होता, तो आता बदलावा लागतोय. सासूबाईंना फोन केला की माझी जीभ अडखळते, आणि मेसेज लिहिला की तो तुटक वाटतो. त्यांना वाईट वाटणार नाही असं कसं लिहू?”

सणांच्या तोंडावर आमच्या बेळगाव भागात ही काळजी घेऊन येणाऱ्या सुना दरवर्षी भेटतात. त्यांपैकी एकीचे प्रकरण तिच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते. तिचे सासर खानापूर तालुक्यातील एका गावात, माहेर बेळगाव शहरात, आणि नोकरीमुळे नवराबायको मुलासह पुण्यात. चतुर्थीच्या आदल्या रात्री गावी पोहोचायचे आणि गौरी-विसर्जन करूनच परतायचे, असे ठरले होते. मध्येच तिच्या वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख चतुर्थीच्या दोन दिवस आधीची मिळाली. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात दिवसातून अनेकदा थेंब घालावे लागतात, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नसते, तपासणीला पुन्हा न्यावे लागते, आणि तिच्या आईचा हात थरथरत असल्याने थेंब नेमके पडत नव्हते. भाऊ बंगळूरहून चतुर्थीच्या दुसऱ्या रात्री येणार होता, त्यामुळे तोवर तिथे दुसरे कोणी नव्हते.

तिने लिहून आणलेला मजकूर असा होता : “आत्याबाई, सॉरी, ऑफिसमध्ये खूप प्रॉब्लेम आहे. यंदा चतुर्थीला जमणार नाही. जमलं तर गौरीला येऊ. प्लीज समजून घ्या.”

माहेरचे नाव घेतले तर “सण सोडून माहेरी बसली” असे होईल, या भीतीने तिने ऑफिस पुढे केले होते. ती भीती खोटी नव्हती, पण उपाय धोक्याचा होता. खानापूरहून बेळगाव साधारण पंचवीस किलोमीटर आहे, आणि गणपतीच्या खरेदीसाठी तालुक्यातील निम्मी माणसे गणपत गल्लीत आणि खडेबाजारात उतरतात. त्या गर्दीत भावकीतल्या कुणी तिला औषधाच्या दुकानात पाहिले असते, किंवा तिच्या वहिनीने स्टेटसला एखादा फोटो ठेवला असता, तर दोन दिवसांची गैरहजेरी बाजूला राहून फसवणुकीची गोष्ट वर्षानुवर्षे चघळली गेली असती. शिवाय कारण खरोखरच सांगण्याजोगे होते. आजारी व्याह्यांची चौकशी करणे हे आपल्याकडे सासूबाईंचेही कर्तव्य असते, आणि खोटे कारण देऊन आपण ती संधीच त्यांच्याकडून काढून घेतो.

“जमलं तर” हे शब्दही मी काढायला सांगितले. सासूबाईंच्या डोक्यात त्या वेळी हिशेब चाललेला असतो : गौरीच्या शेपूच्या भाजीला आणि भाकरीला किती हात आहेत, मोदक वळायला कोण, हळदीकुंकवाला बायका आल्यावर धाकटी सून कुठे आहे म्हणून विचारले तर काय सांगायचे. अर्धवट उत्तराने हा हिशेब अडतो. माझ्या अनुभवात सून न आल्याच्या दुःखापेक्षा शेजारणीला द्यायला उत्तर नसण्याची नामुष्की सासूला जास्त बोचते. म्हणून मेसेजमध्ये असे एक वाक्य हवे, जे त्या जसेच्या तसे चारचौघांत सांगू शकतील. “समजून घ्या” हेही नको, कारण समोरचा समजूतदार नाही असे आपण आधीच धरून चालतो.

मग आम्ही बेत पुन्हा मांडला, कारण शब्दांआधी काय वाचवता येते ते पाहावे लागते. पूर्ण कुटुंबाने बेळगावला थांबण्याची गरज नव्हती. तिचा नवरा आणि मुलगा चतुर्थीच्या स्थापनेला गावी जाऊ शकत होते, आणि त्या वर्षी गौरी चतुर्थी धरून तिसऱ्या दिवशी येणार असल्याने भाऊ आला की त्या दिवशी सकाळी तिला निघता येत होते. म्हणजे तिचे दोनच दिवस चुकत होते. मूळ मजकुरात मात्र सणच चुकल्यासारखा दिसत होता.

कुणी आधी बोलायचे, हे आम्ही बराच वेळ ठरवत होतो. बदल दोघांचा असतो, पण सुनेचा मेसेज आधी गेला की निर्णय तिचा ठरतो. म्हणून नवऱ्याने आधी आपल्या आईला फोन करून सांगावे, त्यानंतर लगेच सुनेचा मेसेज जावा आणि दोघांच्या तोंडी एकच कारण असावे, असे ठरले. मोठ्या जावेला त्यानंतर त्याच संध्याकाळी फोन करायचा, कारण वाढलेले काम तिच्या अंगावर पडते. पण तिला आधी कळले तर सासूबाईंना बातमी दुसऱ्याकडून मिळते. घरच्या ग्रुपवर काहीही टाकायचे नाही. मेसेज मराठीत, देवनागरीतच लिहायचा. एक गोष्ट सुना हमखास विसरतात : सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येत नसेल, तर तो मेसेज नातू सोप्यात उभा राहून मोठ्याने वाचतो आणि सगळे घर ऐकते. सर्वांसमोर ऐकायला चालेल तेवढेच त्यात असावे. शेवटी हा मजकूर गेला :

“आत्याबाई, नमस्कार. यांनी आत्ताच फोनवर सांगितलं तसं, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन चतुर्थीच्या दोन दिवस आधी आहे. आईला थेंब घालणं जमत नाही, म्हणून दादा येईपर्यंत मी बेळगावला थांबते. हे आणि बाळ चतुर्थीला सकाळी लवकर घरी येतील. मी गौरी आणायच्या दिवशी दहाच्या आत पोहोचते आणि विसर्जन झाल्यावरच निघेन. स्थापनेला माझे हात कमी पडतील याचं वाईट वाटतं. गौरीचा स्वयंपाक माझ्याकडे ठेवा. बेळगावातून काय आणू ते सांगा.”

यात दिलगिरी एकदाच आहे आणि परवानगी मागितलेली नाही. निर्णय झाल्यावर “थांबू का?” असे विचारले आणि उत्तर “नको” आले, तर पुढे बोलायला जागा उरत नाही. शेवटचा प्रश्न मात्र मुद्दाम ठेवला, कारण त्याचे उत्तर देणे सोपे असते.

उत्तर आले ते एकाच शब्दाचे : “बरं.” ती घाबरून मला विचारू लागली की पुन्हा सविस्तर लिहू का. मी थांबायला सांगितले. टाइप करण्याची सवय नसलेल्या बाईचे “बरं” हे बहुतेक वेळा नुसते “बरं” असते, आणि दुसऱ्या खुलाशाने पहिल्यात काही दडवले होते असा संशय येतो. राग असलाच तर तो फोन न उचलण्यात किंवा फक्त मुलाशी बोलण्यात दिसतो. तसे दोन-तीन दिवस दिसले, तर मेसेज न करता स्वतः फोन करून आधी त्यांच्या तयारीची विचारपूस करावी.

इथे दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीच फोन केला, व्याह्यांच्या डोळ्याची चौकशी केली आणि गौरीसाठी वेणी आणि केळीची पाने आणायला सांगितली. थोरल्या जावेने मात्र “नोकरीवाल्यांचं बरं असतं” असे सुनावलेच. ती तक्रार जुनी होती, मेसेजने ती मिटण्यासारखी नव्हती. गौरीच्या पुढच्या दोन्ही दिवशी पहाटे चुलीपाशी ही सून आधी उभी राहिली, त्यावर जाऊ काही बोलली नाही, आणि पुढच्या वर्षी चतुर्थीला कोण आधी येणार हे दोघींनी त्याच वेळी ठरवून घेतले.