८९ किलो आणि अर्धा सेंटीमीटर

प्रश्न: माझी उंची १७२, वजन ९२. विम्यात जादा हप्ता लावला आणि नोकरीच्या मेडिकलला 'तात्पुरते अपात्र' लिहिलं, मर्यादा बीएमआय ३०. हे आकडे ठरतात कसे? तीन किलो उतरवले तर दोन्हीकडे सुटेन का?

विम्याकडे इतक्यात सुटणार नाही. नोकरीकडे तुमची उंची कोण आणि कधी मोजतो, यावर अवलंबून आहे. हे मी गंभीरपणे लिहितोय, गणित करून बघा.

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. १.७२ चा वर्ग २.९५८४. ८९ ला त्याने भागलं की ३०.०८ येतं, म्हणजे अपात्र. तीच उंची १७२.५ भरली तर उत्तर २९.९१, म्हणजे पात्र. आता हा अर्धा सेंटीमीटर कुठे कुठे हरवतो ते पाहा. माणूस सकाळी उठतो तेव्हा सर्वांत उंच असतो. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दाबल्या जातात आणि उंची साधारण एक सेंटीमीटरने उतरते, त्यातली बरीचशी उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच. काही ठिकाणी दशांश सोडून देतात, मग १७२.८ चे १७२ होतात. हनुवटी वर उचललेली असली किंवा छातीकडे झुकलेली असली तरी माप कमी येतं. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं छिद्र एका आडव्या रेषेत हवं. टाचा जोडलेल्या, पाठ खांबाला, आणि वरची फळी केस दाबून डोक्याला टेकलेली. रांग लांब असली की यातलं निम्मं कोणी बघत नाही. तुमच्या उंचीला एक सेंटीमीटर म्हणजे बीएमआयच्या हिशेबात जवळजवळ एक किलो. हे लक्षात ठेवा, कारण तीन किलोंचं तुमचं सगळं नियोजन त्यावरच उभं आहे.

विम्याचा हिशेब वेगळा चालतो. न्यूयॉर्क लाइफ कंपनीत रॉजर्स आणि हंटर या दोघांनी गुणांची पद्धत बसवली. अंडररायटिंगचा, म्हणजे जोखीम तोलून हप्ता ठरवण्याचा, सांगाडा आजही बहुतेक ठिकाणी तोच आहे. सर्वसाधारण माणूस म्हणजे १००. बांध्यासाठी काही गुण वाढतात, रक्तदाबासाठी काही, घरचा इतिहास चांगला असला तर काही उतरतात. बेरीज एका पट्ट्याच्या आत राहिली तर नेहमीचा हप्ता, पुढे गेली तर पायरीपायरीने लोडिंग, म्हणजे जादा हप्ता. म्हणून एकट्या वजनावर प्रस्ताव क्वचितच फेटाळतात; वजन, साखर आणि रक्तदाब एकत्र आले की मात्र गुण झपाट्याने चढतात. आणि इथेच तुमचे तीन किलो अडकतात. गेल्या वर्षभरात उतरवलेल्या वजनापैकी अर्धं हिशेबात परत जोडायचं, असा अनेक अंडररायटरांचा नियम असतो, कारण उतरवलेलं वजन बऱ्याचदा परत येतं. म्हणजे काटा ८९ दाखवेल, पण हिशेबात ९०.५ धरतील. बीएमआय ३०.६. वजन का कमी झालं हेही विचारतील, कारण न सांगता उतरलेलं वजन हे आजाराचं लक्षण असू शकतं. आहार बदलला असेल तर तसं लेखी द्या, आणि वजन वर्षभर टिकलं की लोडिंगच्या फेरविचाराचा अर्ज करा.

आता आकडे आले कुठून. उंची-वजनाचे तक्ते घराघरांत पोचवले ते मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने, १९४२-४३ मध्ये. कोणत्या वजनाचे विमाधारक जास्त जगले, यावरून ते काढलेले होते. विमा घेणारे म्हणजे सगळा समाज नव्हे, हा पहिला दोष. दुसरा याहून मोठा: प्रत्येक उंचीसमोर लहान, मध्यम आणि मोठा असे तीन बांधे दिले, पण बांधा मोजायचा कसा हेच सांगितलं नव्हतं. कोपराच्या हाडाची रुंदी मोजायची पद्धत १९८३ च्या तक्त्यासोबत आली. चाळीस वर्षं लोक आपला बांधा अंदाजाने ठरवत होते, आणि डॉक्टर त्या अंदाजावर वजनं लिहून देत होते.

बीएमआयचं सूत्र क्वेटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाचं, एकोणिसाव्या शतकातलं. त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, एकेकट्याची तब्येत नव्हे. अमेरिकेत १९८५ नंतर पुरुषांसाठी 'जादा वजन' २७.८ पासून धरायचे, कारण विशीतल्या पुरुषांपैकी ८५ टक्के त्याखाली होते. १९९८ मध्ये तीच रेषा २५ वर आणली. आशियाई लोकांत कमी बीएमआयलाही मधुमेह दिसतो म्हणून त्यांच्यासाठी २३ पासून सावध व्हायला सांगतात. तुमच्या उंचीला या तीन रेषा अनुक्रमे ८२, ७४ आणि ६८ किलोंवर पडतात. शरीर एकच, आणि फरक चौदा किलोंचा.

'रेषा कुठेतरी ओढावीच लागते' हे वाक्य भरतीवाल्यांकडून मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचं उत्तर इथे देतोच. ओढा, पण रेषेच्या दोन्ही बाजूंना काय होतं ते बघा. मृत्यूच्या जोखमीचा आलेख उतारासारखा हळूहळू चढतो, ३० वर त्यात पायरी नाही. विमेवाला निदान त्या उताराची नक्कल करतो, २९.९ आणि ३०.१ मध्ये त्याच्याकडे थोड्या हप्त्याचा फरक पडतो. भरतीत त्याच दोन दशांशांवर माणूस आत किंवा बाहेर. उतारासाठी बनवलेला आकडा कडा म्हणून वापरणं, ही भरतीची मूळ चूक आहे.

कमाल मर्यादेचं जे, तेच किमान मर्यादेचं. अमेरिकेत अलाबामा राज्यात तुरुंगरक्षकासाठी किमान ५ फूट २ इंच आणि १२० पौंड, म्हणजे सुमारे १५७ सेंमी आणि ५४ किलो लागायचे. डायान रॉलिन्सन वजनात बसली नाही आणि कोर्टात गेली. या दोन अटी मिळून ४१ टक्क्यांहून जास्त स्त्रिया बाद होत होत्या, पुरुष एक टक्काही नाही. राज्याचं म्हणणं होतं की ताकद हवी. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ताकद हवी तर ताकदीचीच परीक्षा घ्या. उंची-वजनाचा ताकदीशी संबंध तुम्ही दाखवलेला नाही. मला यापलीकडे युक्तिवाद लागत नाही. गोणी उचलायची असेल तर गोणी उचलायला लावा.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. काही कामांत वजन हाच खरा प्रश्न असतो. लढाऊ विमानाच्या इजेक्शन सीटला वैमानिकाच्या वजनाची वरची आणि खालची दोन्ही मर्यादा असते, शिडीवर आणि दोरावर भाराचा आकडा लिहिलेला असतो. तिथे वाद घालू नका. पण त्या मर्यादा किलोंत असतात, बीएमआयमध्ये नाही. आणि ३१ बीएमआयला कंबर वाढलेली असेल, घोरणं असेल, दिवसा झोप येत असेल, तर मेडिकलचा निकाल काहीही लागो, तपासणी करून घ्या.

फेरमापनाला सकाळची वेळ मागा. लघवी करून, खिसे रिकामे करून काट्यावर उभे राहा. काटा टणक, सपाट फरशीवर हवा, सतरंजीवर ठेवलेला असेल तर हलवायला सांगा. उंची दशांशासह लिहायला सांगा आणि नोंदीची प्रत घ्या. आणि लक्ष्य ८९ चं नको, ८७ चं ठेवा: १७२ ला बीएमआय २९.४ येतो, आणि माप १७१ भरलं तरी २९.८ वर तुम्ही आतच राहता.